राम राम बाबूजी, पण पावती द्या

"ताई, झालं हो आमचं नामांतरण!" वहिनींनी कुंपणावरून ओरडून सांगितलं आणि माझं धुणं बादलीतच राहिलं. आमच्या फोपनारमध्ये पऱ्हाट्यांचं कुंपण घालतात ते ढोरं अडवायला. बातम्या अडवायची ताकद त्याच्यात नाही. पलीकडच्या काकूही पदर खोचत लगेच आल्या. कुणाचं नामांतरण झालं म्हणजे त्यामागे एखादं भांडण, थोडा खर्च आणि कुणीतरी बाबू असणार, हे त्यांना पाठ आहे.

"किती द्यावं लागलं?" काकूंचा पहिला प्रश्न.

"फी होती तेवढी. आणि एक राम राम."

"राम रामावर जमीन नावावर झाली? कुणाले सांगू राहिली तू? तिथं ओळख लागते, नाही तर खिसा लागतो. तोंडाच्या गोडीनं फाइल हलत असती तर माह्या सासूच्या शिव्यांनी ती जळून गेली असती."

इथूनच वादाला तोंड फुटलं. कचेरीच्या खिडकीवर गेल्यावर आधी नीट नमस्कार केला तर काम खरंच सोपं होतं, की ती आपली आपल्यालाच घातलेली समजूत? आम्ही बुऱ्हाणपूर जिल्ह्यातली माणसं, घरात मराठी आणि कचेरीत हिंदी. त्यामुळे खिडकीसमोर तोंड उघडायच्या आधीच आमच्या मनात अर्धी तयारी चाललेली असते. हा प्रश्न आमच्याकडे नुसता शिष्टाचाराचा राहत नाही.

वहिनींचं प्रकरण आधी सांगते. त्यांचे सासरे गेले. जमीन फोपनारची नाही, सासऱ्यांच्या मूळ गावची. ते गाव आपल्या मध्य प्रदेशातच आहे, पण त्याचं आणि तिथल्या कचेरीचं नाव कुंपणाच्या अलीकडेच राहू द्या. माणूस गेल्यावर त्याची जमीन वारसांच्या नावावर चढवायची, याला आमच्याकडे फौती नामांतरण म्हणतात. माझ्या माहेरी, रावेरला, यालाच वारस नोंद म्हणतात आणि तिथं तलाठी फेरफार धरतो. सीमा ओलांडली की तलाठ्याचा पटवारी होतो आणि सातबाऱ्याचा खसरा. रांग तेवढी तीच असते.

पहिल्यांदा गेले वहिनींचे मालक. ते आधीच तापलेले. दुपारची वेळ, खिडकीवर गर्दी. यांनी खिडकीत हात घालून कागद पुढे सरकवले आणि म्हणाले, "जल्दी करो, दूर से आए हैं। नहीं तो १८१ लगाता हूँ।" १८१ म्हणजे मुख्यमंत्री हेल्पलाइन, तक्रारीचा नंबर. खिडकीवरच्या पोरानं वर बघितलंसुद्धा नाही. "कागज़ पूरे नहीं हैं," एवढं बोलून गठ्ठा परत केला. कुठला कागद कमी, ते यांनी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. हे घरी आले, दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

"मग?" काकूंनी हनुवटी कुंपणावर टेकवली.

"मग मी गेले. सकाळी उघडायच्या वेळेला. माझा नंबर आला तरी तो आधीच्या माणसाचे कागद लावत होता, म्हणून थांबले. त्यानं मान वर केली तेव्हा म्हटलं, बाबूजी राम राम, ससुरजी का फौती नामांतरण करवाना है, पिछली बार कागज़ कम थे, क्या कम है बता दीजिए तो ले आऊँगी।"

"आणि त्यानं चहा पाजला तुला!"

"चहा नाही पाजला. पण कागद उलटून बघितले."

सगळी गोष्ट या उलटून बघण्यात आहे. सासरे जळगावच्या दवाखान्यात वारले, म्हणून मृत्यूचा दाखला महाराष्ट्रातला. त्यावर नाव 'बाळकृष्ण'. इकडे खसऱ्यात नाव हिंदी वळणाचं, 'बालकिशन'. गावात तो एकच म्हातारा, दोन्ही नावांनी हाक मारली तरी ओ देणारा. पण कागदावर ती दोन माणसं झाली होती. एक बाळकृष्ण, ते जळगावला वारले. एक बालकिशन, ते अजून जिवंत आणि शेताचे मालक. त्या पोरानं बोट ठेवून दाखवलं आणि सांगितलं, दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं शपथपत्र करा, सोबत गावचा पंचनामा जोडा. मग त्यानं विचारलं, "बहनें कितनी हैं?"

इथं वहिनींचा आवाज खाली आला. कारण वारसांच्या यादीत त्यांच्या नणंदेचं नाव नव्हतं. नणंद खंडव्याला दिलेली. मालकांचं म्हणणं, लग्नात दिलं तेवढं पुष्कळ झालं. पण हिंदू वारसा कायद्यानं बापाच्या मागे बायको, मुलगे आणि मुली सगळे पहिल्या फळीचे वारस आहेत आणि २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीतही मुलीचा हक्क मुलाइतकाच केला. नाव वगळून अर्ज केला असता आणि नणंदेनं हरकत घेतली असती, तर प्रकरण अविवादित राहिलं नसतं. मध्य प्रदेशच्या भू-राजस्व संहितेत अविवादित नामांतरणाला तीस दिवसांची मुदत आहे. वाद उभा राहिला की तीच मुदत पाच महिन्यांची होते. त्या एका प्रश्नानं वहिनींचे चार महिने तरी वाचवले.

"हे सगळं एका राम रामात?" काकूंना पटेना.

मला माझा भाऊ आठवला. रावेरकडे तो अव्वल कारकून होता, आता निवृत्त झालाय. त्याला मी एकदा हेच विचारलं होतं. तो म्हणाला, दिवसभर नमस्कार ऐकून कान किटतात, नमस्कारानं हात हलत नाही. पण माणूस नीट बोलला की नजर त्याच्या कागदावर दोन मिनिटं जास्त टिकते, आणि चूक सापडते ती त्याच दोन मिनिटांत. उर्मटपणे बोलणाऱ्याचं कामही आम्ही करतो, पण मग नियम दाखवून करतो. जेवढं विचारलं तेवढंच सांगतो. कागद कमी आहे म्हणणं हे आमचं काम. कोणता कमी, तो कुठे मिळतो आणि कसा लिहायचा, हे सांगणं आमच्या मर्जीचं.

भावाचं हे वाक्य मला फार कामाचं वाटतं. खिडकीवरच्या माणसाच्या हातात दोन प्रकारच्या गोष्टी असतात. काही नियमानं बांधलेल्या, काही त्याच्या मर्जीवर सोडलेल्या. अमेरिकेत मायकल लिप्स्की नावाच्या अभ्यासकानं १९८० साली यावर आख्खं पुस्तक लिहिलं. सरकारचं धोरण राजधानीत ठरत असलं तरी लोकांच्या वाट्याला ते कसं येणार, हे खिडकीवरचा कारकून, शाळेतला मास्तर आणि रस्त्यावरचा पोलीस ठरवतात, असं त्याचं म्हणणं. कारण यांच्याकडे काम जास्त आणि वेळ कमी. कुणाला जास्त वेळ द्यायचा, ते त्यांनाच ठरवावं लागतं. नमस्कार पोहोचतो तो या मर्जीच्या भागापर्यंत. तिथंच त्याची हद्द संपते.

तेवढ्यात माझी पुतणी कॉलेजची बॅग घेऊन अंगणात आली. ती मानसशास्त्र शिकते आणि आमच्या गप्पांत नको तिथं पुस्तक आणते. पण या वेळी तिनं आणलेलं बरं होतं.

"काकू, न्यूयॉर्कमध्ये एलेन लँगर नावाच्या बाईंनी एक प्रयोग केला होता, १९७८ साली छापून आला. विद्यापीठात झेरॉक्सच्या रांगेत एकीला मध्ये घुसायला लावलं. तिनं प्रत्येक वेळी सुरुवात माफ करा म्हणूनच केली. कधी नुसतं विचारलं, माझी पाच पानं आहेत, आधी काढू का? तेव्हा शंभरातल्या साठांनी हो म्हटलं. कधी पुढे कारण जोडलं, कारण मी घाईत आहे. तेव्हा चौऱ्याण्णव जणांनी हो म्हटलं."

"कारण सांगितल्यावर देतेच ना माणूस," काकू म्हणाल्या.

"थांबा तर. तिसऱ्या वेळी कारण सांगितलं, कारण मला झेरॉक्स काढायची आहे."

"हे काय कारण झालं? झेरॉक्सच्या रांगेत सगळ्यांना झेरॉक्सच काढायची असते!"

"तरी त्र्याण्णव जणांनी हो म्हटलं."

काकूंचं तोंड उघडंच राहिलं. मलाही मजा वाटली. पण पुतणीनं पुढचा भाग सांगितला, आणि खरा धडा त्यात होता. पाचऐवजी वीस पानं सांगितली तेव्हा ते पोकळ कारण काहीच कामाला आलं नाही. नुसतं विचारलं तरी चोवीस टक्के आणि पोकळ कारण दिलं तरी चोवीसच. खरं कारण सांगितलं तेव्हा मात्र बेचाळीस टक्के लोकांनी जागा दिली.

मी ते लगेच खिडकीवर लावून बघितलं. माफ करा हे शब्द सगळ्या वेळी होते, म्हणजे नुसत्या गोड शब्दानं फरक पडला नाही. फरक पडला तो पुढे जोडलेल्या कारणानं. आणि मागणं छोटं असेल तरच पोकळ कारण चालतं. कागद बघून काय कमी ते सांगा, हे छोटं मागणं, दोन मिनिटांचं. तिथं नमस्कार आणि एक वाक्य पुरतं. माझी फाइल सगळ्यांच्या आधी काढा, नणंदेचं नाव सोडून द्या, मागची तारीख टाका, ही मोठी मागणी. तिथं नमस्काराला चोवीस टक्क्यांच्या वर कोण विचारतो? आणि ती मागणी गैर असेल, तर त्या चोवीस टक्क्यांतही आपण नसावं.

"म्हणून तर मी जास्त गोड बोलले नाही," वहिनी म्हणाल्या. "माझ्या पुढचा एक जण होता. बाबूजी, आप तो देवता हैं, आपके बच्चे जिएँ, असं त्याचं सुरू. तो पोरगा खुर्चीत मागेच सरकला. मागची रांग हसायला लागली."

हे मात्र मीही कितीदा बघितलंय. फार गोड सुरुवात झाली की खिडकीवरचा माणूस सावध होतो. हा नक्की काहीतरी वाकडं मागणार, असं त्याला वाटतं. आणि मागे उभे असलेले दहा जण तुमच्या गोडव्याचे पैसे स्वतःच्या वेळेनं मोजत असतात. नमस्कार छोटा हवा. तोही तो मान वर करेल तेव्हा. तो नोटा मोजत असताना किंवा आधीच्या अर्जावर आकडे चढवत असताना केलेला नमस्कार म्हणजे त्याच्या कामात घातलेला खोडा. नमस्कारानंतर लगेच कामाचं नाव घ्यावं, आणि कचेरीत त्याला जे नाव आहे तेच घ्यावं. 'जमिनीचं काम आहे' म्हटलं तर तो पाच प्रश्न विचारणार. 'फौती नामांतरण' म्हटलं की त्याच्या डोक्यात यादी उघडते. कागद त्या क्रमानं लावलेले असले तर बोलायलाही फारसं लागत नाही. अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, जमिनीच्या नोंदीच्या नकला, आधार आणि समग्र आयडी.

काकूंनी आता हुकमी पान काढलं. "बरं, मानलं. तुझ्या राम रामानं कागद पूर्ण झाले. पण झालं काय तीस दिवसांत?"

वहिनी गप्प झाल्या. नाही झालं. इथंच नमस्काराची दोरी संपली.

याचं कारण साधं आहे. लोक सेवा केंद्राच्या खिडकीवर बसलेला पोरगा बहुतेक ठिकाणी सरकारी नोकरही नसतो. केंद्र चालवायला ठेक्यानं दिलेलं असतं. तो अर्ज घेतो, संगणकात चढवतो, फी घेतो, पावती देतो. निर्णय घेतो तहसीलदार. त्याच्यासाठी पटवाऱ्याचा अहवाल लागतो. गावात इश्तहार लागतो, कुणाची हरकत असेल तर मांडा म्हणून. संबंधितांना नोटीस जाते. या साखळीतल्या कुणालाही वहिनींनी नमस्कार केलेला नव्हता आणि केला असता तरी इश्तहाराचे दिवस कमी झाले नसते. पटवाऱ्याचा अहवाल येईना, म्हणून फाइल तिथंच बसली.

काकू म्हणाल्या, "माह्या लग्नाआधीची गोष्ट. १९६४ साली फोपनारच्या मातीतून बुद्धाच्या सात ब्राँझच्या मूर्ती निघाल्या आणि त्या दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात जाऊन बसल्या. हजार वर्षं मातीत पडलेले देव दिल्लीला पोहोचले. तुझा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पोहोचेना!"

तिघीही हसलो. पण वहिनींचं काम शेवटी झालं कसं, हे मला ऐकायचं होतं.

"पावतीनं," वहिनी म्हणाल्या.

मध्य प्रदेशात २०१० मध्ये लोक सेवा गारंटी कायदा झाला. सरकारी सेवा ठरलेल्या दिवसांत देण्याची हमी कायद्यानं देणारं हे देशातलं पहिलं राज्य. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क अधिनियम आला तो २०१५ मध्ये. या कायद्याचा सगळा जीव पावतीत आहे. अर्ज घेतला की पावती द्यावीच लागते आणि तिच्यावर काम कोणत्या तारखेपर्यंत होईल ते लिहावं लागतं. पण यात एक खाच आहे, ती आम्हा बायांना तरी कुणी सांगत नाही. आवश्यक कागद जोडलेला नसेल तर पावतीवर तसं लिहितात, आणि मग मुदतीची तारीख लिहीत नाहीत. तारीख नाही म्हणजे घड्याळ सुरूच झालं नाही. माणूस पावती घडी करून डब्यात ठेवतो, वाट बघत बसतो, आणि वर्षभरानं कळतं की वाट बघायला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणजे बघा, वहिनींच्या मालकांनी त्या दिवशी आरडाओरडा करून अर्ज घ्यायला लावला असता, तरी पावती बिनतारखेचीच मिळाली असती. वहिनींच्या राम रामानं कागद पूर्ण झाले, म्हणून पावतीवर तारीख आली. नमस्कारानं इतकंच केलं. पण ही छोटी गोष्ट नाही.

तारीख उलटली तेव्हा वहिनी पुन्हा खिडकीवर गेल्या. पुन्हा राम राम केला. पोरानं पावती बघितली आणि खरं ते सांगितलं, "मेरे हाथ में कुछ नहीं है, अपील लगा दीजिए।" मुदत संपल्यापासून किंवा अर्ज नाकारल्यापासून तीस दिवसांत पहिलं अपील करता येतं. तिथंही काम झालं नाही तर दुसरं अपील आहे, त्याला साठ दिवस. विनाकारण उशीर केला असं ठरलं तर जबाबदार अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे रुपये दंड, जास्तीत जास्त पाच हजार. तो दंड अर्जदाराला भरपाई म्हणूनही देता येतो. वहिनींनी पहिलं अपील लावलं, त्यात एकही वाकडा शब्द लिहिला नाही. अर्जाची तारीख, पावतीचा क्रमांक, मुदतीची तारीख आणि अजून आदेश झाला नाही, एवढंच. त्याच्यानंतर पटवाऱ्याचा अहवाल आला, आदेश झाला. नणंदेच्या नावासकट.

"दंड झाला का कुणाले?" काकूंनी आशेनं विचारलं.

"दंडाशी मला काय करायचं? नाव लागलं."

"म्हंजे माहंच खरं. राम रामानं काही झालं नाही, धाकानं झालं."

"धाक कुठे दाखवला काकू? मी अपील केलं, तेही नमस्कार करून. यांनी १८१ ची धमकी दिली होती, तेव्हा यांच्या हातात काय होतं? पावती नाही, तारीख नाही. धमकी दिली तरी तक्रारीत लिहिणार काय?"

काकू चूप झाल्या. आमच्या काकू चूप होणं ही बातमीच आहे, तीसुद्धा पुढच्या अंगणात गेली असणार.

वहिनींच्या बोलण्यात एक बारीक गोष्ट होती, ती सांगण्यासारखी आहे. हेल्पलाइन, मंगळवारची कलेक्टर कचेरीतली जनसुनवाई, अपील, ही सगळी हत्यारं चांगली आहेत आणि आपल्यासाठीच आहेत. पण त्यांना धार येते ती कागदावरच्या तारखेनं. खिडकीवर पोहोचल्या पोहोचल्या त्यांचं नाव घेतलं तर समोरचा माणूस फक्त स्वतःचा बचाव करायला लागतो. तो तुमचे कागद कमी आहेत का ते बघतो, आणि कमी असतातच. तुमची चूक दाखवून तुम्हाला दुरुस्त करून देण्याऐवजी तो ती चूक तशीच राहू देतो, कारण उद्या तक्रार झाली तर तीच त्याला वाचवणार असते.

काकूंच्या एका शंकेला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ती शंका खरी आहे. त्या म्हणाल्या, "ही सुशिक्षित, हिला हिंदी येते, ही सकाळी जाऊ शकली. मजुरीवर जाणारी, केळीच्या गाडीत घड चढवणारी बाई दुपारी पोहोचते. तिला राम राम म्हणायचंही सुचत नाही, भीती वाटते. तिचे कागद कोण उलटून बघणार?" खरं आहे. नमस्कारावर कागद बघितले जात असतील, तर नमस्कार न जमणाऱ्याचे कागद न बघितल्यासारखे जातात. म्हणून काय काय कागद हवेत, याची यादी खिडकीबाहेर मोठ्या अक्षरात लावलेली असणं जास्त महत्त्वाचं. ज्या केंद्रावर ती यादी आहे तिथं कुणाला बाबूच्या मर्जीवर राहावं लागत नाही. यादी दिसत नसेल तर मागायला हरकत नाही. ती मागणं हा आपला हक्क आहे, उपकार नाही.

माझा भाऊ म्हणतो, आमच्या नोकरीच्या काळात ओळख लागायची कारण तारीख नव्हती. ओळखीचा माणूस तारखेची जागा घ्यायचा, तो आठवण करून द्यायचा. आता तारीख पावतीवर छापलेली असते, म्हणून ओळखीची गरज निम्मी झाली. उरलेली निम्मी अजून आहे, हे काकू सांगतातच, आणि ते कुणी नाकारत नाही.

तर मला विचाराल, खिडकीवर नमस्कार करावा का, तर मी म्हणेन, करावाच. त्यानं बाबूचं तोंड उघडतं आणि आपल्या कागदातली चूक वेळेत कळते. पण त्यानं फाइल पळत नाही, आदेश निघत नाही आणि नणंदेचा हक्क मिटत नाही. म्हणून जेव्हा कधी तुम्ही दाखल्याला, नकलेला, नामांतरणाला जाल, तेव्हा राम राम म्हणा, काम एका वाक्यात सांगा, काय कमी आहे ते विचारा. आणि खिडकीवरून हलायच्या आधी पावती हातात घेऊन तिथंच वाचा. तिच्यावर शेवटची तारीख नसेल तर तुमचं काम अजून सुरू झालेलं नाही.